पंख असलेलं पिल्लू

कॉलेजात त्यांना सगळे मामा म्हणत, प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरांपर्यंत. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते. काचा पुसणं, बाटल्यांना चिठ्ठ्या लावणं, सूक्ष्मदर्शकांवर फडकी घालणं, ही कामं कुणीही केली असती. पण मामांकडे आणखी एक काम होतं, आणि त्या कामामुळे लग्न ठरताना मुलीकडच्यांनी विचार करायला वेळ मागून घेतला होता. मामा झुरळं पकडत.

मुलांना चिरफाड शिकायला झुरळं लागत, तीही धडधाकट, मिशा शाबूत असलेली. दिवेलागणीला मामा एक बरणी घेऊन वसतिगृहामागच्या गटाराकडे जात. बरणीच्या गळ्याला आतून व्हॅसलीनचा हात फिरवलेला, म्हणजे आत गेलेलं वर चढत नाही. तळाशी ओलसर ब्रेडचा तुकडा. गटाराचं झाकण उचललं की खालून एकेक बाहेर येई. लालसर तपकिरी, अंगठ्याएवढी, मानेवरच्या ढालीला पिवळट कडा. मामा ती उघड्या हाताने धरत. चिमटीत पंखांच्या बाजूने धरलं की पाय हवेत चालत राहतात आणि चावतबिवत काही नाही.

"मामा, मला नर द्या," पोरं म्हणत.

मामा बरणीत न बघितल्यासारखं करून हात घालत आणि नरच काढत. शेपटीकडे दोन बारीक केसासारखे काटे जास्तीचे असले की नर. पोटाचा शेवट होडीसारखा रुंद असला की मादी. पिल्लू आणि मोठं यातला फरक तर ते दरवर्षी, बाई वर्गात यायच्या आधीच, सांगून टाकत. "पंख आले की वाढ संपली. पंख नाहीत तोवर पिल्लू, मग ते केवढंही दिसो." बाई हसत आणि म्हणत, "मामांनी शिकवलंच आहे, मी काय शिकवू?"

अंड्यांच्या कोशांचं त्यांना विशेष वेड होतं. मोठं झुरळ आपला कोश दिवसा-दोन दिवसांत कुठेतरी चिकटवून मोकळं होतं. लाकडाच्या फटीत, खोक्याच्या घडीत, थुंकीने चिकटवलेला, चवळीच्या दाण्याएवढा काळपट कोश. आत दोन ओळींत पंधरा-सोळा अंडी. मामा असला कोश नखाने सोडवून तळहातावर घेत आणि वाचत. भरीव, चकचकीत, वरची शिवण घट्ट मिटलेली, म्हणजे आत जीव आहे. शिवण उकललेली आणि कोश हलका, म्हणजे पिल्लं निघून गेली. आणि बाजूला टाचणीने पाडावं तसं गोल भोक असेल तर झुरळाची पिल्लं निघालीच नाहीत. बारीक माशीसारख्या एका किड्याने आपली अंडी आत घातली आणि त्याची पिलावळ सगळं खाऊन बाहेर पडली. पोरं तोंड वाकडं करत. मामांना ते बघताना गुन्ह्याचा तपास लागल्यासारखं वाटे.

बायको मात्र त्यांना आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं करत नसे. "लोकांचे नवरे येताना फुलं आणतात," ती शेजारणीला सांगे, "आमचे मिशा आणतात." पण नवऱ्याच्या हुशारीचा तिला अभिमानही होता, आणि मुलीला तर होताच. शाळेत कुणी चिडवलं की पोरगी सांगे, "माझ्या बाबांना झुरळांचं सगळं कळतं. तुझ्या बाबांना कशाचं कळतं?"

पुढे चिरफाड बंद झाली. नियम आले, प्राण्यांऐवजी पडद्यावर चित्रं दाखवू लागले. बरण्या धुऊन उपड्या ठेवल्या गेल्या आणि मामांना ग्रंथालयाच्या दारात पिशव्या सांभाळायला बसवलं. तिथूनच ते निवृत्त झाले. बायको आजारी पडली, सहा महिने अंथरुणात राहिली आणि गेली. भाड्याच्या दोन खोल्या एकट्याला सोसवेनात, तेव्हा मुलगी म्हणाली, "माझ्याकडे चला." मामांनी बरेच आढेवेढे घेतले. जावयाच्या घरात राहायचं म्हणजे खोकतानासुद्धा अंदाज घ्यायचा. पण दुसरं घर नव्हतं. ते गेले.

जावई भला माणूस. टायरच्या दुकानात कामाला, सकाळी जाई, रात्री काळे हात घेऊन येई आणि न बोलता जेवे. मुलगी घरी केक करायची. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात स्वयंपाकघर हीच मोठी खोली. एका भिंतीला ओव्हन, त्याला लागून फ्रिज, वर छतापर्यंत पुठ्ठ्याची खोकी रचलेली. सुरुवात शेजारपाजारच्या वाढदिवसांपासून झाली होती. आता दोन कचेऱ्या आणि एक लहान मुलांची शाळा नेमाने तिच्याकडूनच मागवत. ती पहाटे उठून पीठ चाळी आणि गुणगुणत असे. मामा खोकी दुमडून देत, अंड्याची टरफलं खाली टाकून येत, आणि आपण कुणाच्या पायात येत नाही ना हे बघत.

एका संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, हे बघा हो."

ओव्हनमागच्या भिंतीवर एक बारकं तपकिरी झुरळ होतं. नखाएवढं. उजेड पडताच ते फ्रिजमागे सटकलं.

मामांचा चष्मा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर होता. तो आणायला जायची त्यांना गरज वाटली नाही. आयुष्य गेलं होतं या प्राण्यात.

"पिल्लू आहे," ते म्हणाले. "मोठ्यांचं. गटारातून वर येतात पाइपाने. घरात नसतंच त्यांचं बिऱ्हाड. वाट बंद केली की संपलं."

मुलगी निश्चिंत झाली. "बरं झालं बाबा, तुम्ही आहात."

कित्येक महिन्यांत असं वाक्य मामांच्या कानावर पडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते हार्डवेअरच्या दुकानात जाऊन बारीक जाळी घेऊन आले. मोरीचं भोक, सिंकखालचा पाइप, संडासाच्या खिडकीची फट, सगळं त्यांनी गुडघ्यांवर बसून बंद केलं. जावयाने सिमेंट कालवून दिलं. आणि जाळी बसवायच्या आधी मोरीतून खरोखरच एक भलंमोठं लाल झुरळ वर आलं. मामांनी ते सवयीने चिमटीत धरलं, जावयाला दाखवलं. "हे बघा मूळ. मादी आहे." जावई दोन पावलं मागे सरला आणि पहिल्यांदाच सासऱ्याकडे कौतुकाने बघून हसला.

मग मामांनी कोश शोधले. टॉर्च घेऊन कपाटांच्या कडा, खोक्यांच्या घड्या, माळ्याचे कोपरे, सगळं बोटांनी चाचपलं. चिकटवलेला एकही कोश मिळाला नाही. याचा अर्थ त्यांच्या लेखी सरळ होता: घरात पैदास नाही. संध्याकाळी त्यांनी तसं जाहीर करून टाकलं.

पण बारकी झुरळं कमी होईनात. आधी फक्त दिवा लावल्यावर दिसत, मग दिवसाही दिसू लागली. साखरेच्या डब्याच्या झाकणाखाली एक, ओव्हनच्या दाराच्या बिजागरीत दोन, मिक्सर उचलला की त्याच्या पायाखालून तीन. मामा रोज जाळ्या तपासत. जाळ्या जागच्या जागी होत्या.

"आधीची आत अडकलेली असणार," ते मुलीला म्हणाले. "बाहेर जायला वाट नाही आता त्यांना."

पण पीठ चाळताना तिचं गुणगुणणं थांबलं होतं, आणि प्रत्येक भांडं ती वापरायच्या आधी पुन्हा धुऊ लागली होती.

शेवटी मामांनी फवाऱ्याचे डबे आणले. रविवारी मुलगी-जावई बाहेर गेले होते. मामांनी नाकाला रुमाल बांधला, डबे-भांडी सगळी बाहेरच्या खोलीत हलवली आणि स्वयंपाकघराचा कोपरा न् कोपरा भिजवला. फ्रिजमागे, ओव्हनखाली, खिडकीच्या चौकटीत. भिंतीतून झुरळं पावसासारखी गळाली. उलटी पडून पाय झाडत होती. मामा दार लावून बाहेर येऊन बसले, आणि घामाने भिजलेल्या त्या माणसाला कैक दिवसांनी आपण कामाचे आहोत असं वाटलं.

दोघं परत आली तेव्हा झाडून काढलेला ढीग सुपलीत होता. मुलीने तो पाहिला, शहारली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सुटलो बाबा," ती म्हणाली. "मी तर कामच बंद करायच्या विचारात होते. तुम्ही नसता तर काय केलं असतं मी?"

ती ओटा धुवायला लागली आणि हळूच गुणगुणू लागली. जावयाने मामांसाठी चहा टाकला. असं त्या घरात आधी कधी झालं नव्हतं.

मामा सुपली घेऊन गॅलरीत गेले. उगाच, जुन्या सवयीने, त्यांनी चष्मा लावला आणि ढिगातलं एक उचललं.

त्याला पंख होते.

त्यांनी दुसरं उचललं, मग तिसरं. पोट झाकून टाकणारे पूर्ण वाढलेले पंख. रंग लाल नाही, फिकट मातकट. मानेवरच्या ढालीवर पिवळी कड नाही. त्याऐवजी शेजारी शेजारी ओढलेल्या दोन काळ्या रेघा. नखाएवढं असून हे पिल्लू नव्हतं. ही त्याची पुरती वाढ होती. हा प्राणीच वेगळा होता. याला गटाराशी देणंघेणं नव्हतं. हे घरातच जन्मतं आणि घरातच राहतं. आणि एका मादीच्या शेपटीला कोश तसाच लटकलेला होता. लांबट, फिका, बारीक रेघा असलेला. तिने तो कुठे चिकटवला नव्हता. ती तो बरोबर घेऊन फिरत होती. म्हणून तर कुठल्याही कोपऱ्यात कोश सापडला नव्हता.

सुपलीत सुटे कोशही होते, मरता मरता गळून पडलेले. त्यांची शिवण घट्ट होती. मामांनी एक उजेडात धरला. कडेने हिरवट रेघ दिसत होती. पिल्लं भरत आली होती. फवाऱ्याचं औषध या कवचातून आत जात नाही हे कुणाला नाही तरी मामांना माहीत होतं. आणि सुपलीत आले ते एवढे. फ्रिजखाली, फटींत, भिंतीमागे किती पडले असतील? कोश सांभाळणाऱ्या माद्या तर आडोसा सोडून फारशा बाहेर येतच नाहीत.

आतून मुलगी म्हणाली, "बाबा, चहा निवतोय."

मामांनी सुपली पिशवीत रिकामी केली, पिशवीला गाठ मारली आणि खाली कचऱ्यात टाकून आले. सांगायचं असतं तर त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण ती गुणगुणत होती. मेलं ते मेलं, नाव काही का असेना, असं त्यांनी मनाला समजावलं. चहा त्यांना गोड लागला नाही, तरी ते "छान झालाय" म्हणाले.

पंधरवडाभर घर शांत होतं. मामा रोज कुणी नसताना ओव्हनमागे टॉर्च मारत. एके दिवशी उजेडात त्यांना भिंतीवर काहीतरी हललेलं दिसलं. तिळाच्या दाण्याएवढं, काळपट, पाठीवर मधोमध फिकट पट्टा. मग आणखी एक. मग फ्रिजच्या रबराच्या घडीतून रांगच. मामा ओल्या फडक्याने पुसत राहिले. रोज सकाळी, मुलगी आंघोळीला गेली की ते फडकं घेऊन लागत. ती विचारे, "काय करताय?" ते म्हणत, "धूळ."

शाळेच्या वार्षिक कार्यक्रमासाठी तिने केलेला केक हा तोवरचा सगळ्यात मोठा केक होता. तीन थरांचा, पांढऱ्या क्रीमचा. फ्रिजमध्ये मावेना म्हणून आदल्या रात्री तो फ्रिजशेजारी रिकाम्या खोक्यांच्या खाली झाकून ठेवला होता. शाळेत तो कापला तेव्हा क्रीमवर एक काळा ठिपका चालत होता. एक नाही, बरेच. खोक्याच्या घडीतून उतरले होते. कुणीतरी फोनवर फोटो काढला. दुपारपर्यंत तो पालकांच्या फोनांवर गेला, संध्याकाळपर्यंत कचेऱ्यांपर्यंत.

मुलगी घरी आली ती शाळेतून रिकामं ताट घेऊन. बाई फार वाईट बोलल्या नव्हत्या. "आम्हाला समजतं हो, पण मुलं आहेत ना," एवढंच. ते सांगताना तिचा आवाज सपाट होता. रात्री फोन वाजत राहिला आणि प्रत्येक फोननंतर ती भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा एक केक खोडत गेली.

जावयाने झुरळं मारणाऱ्या औषधवालीला बोलावलं. ती आली तेव्हा तिच्याकडे फवाऱ्याचं यंत्र नव्हतं. एक पिशवी, टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर आणि इंजेक्शनसारखी जाड नळी. चाळिशीची बाई, बोलायला मोकळी. तिने फ्रिज भिंतीपासून ओढला, मागचं झाकण उघडलं आणि सगळ्यांना बोलावलं.

"इथे बघा. मोटर गरम, वर पाणी ठिबकतंय. यांना आणखी काय हवं?"

मोटरभोवती मिरीपूड सांडावी तशी घाण होती आणि त्यात हलणारे थर. खाली कोशांची टरफलं. तिने चिमट्याने काही उचलून कागदावर ठेवली.

"ही उकललेली, रिकामी. एकेकातून तीस-चाळीस निघालीत. ही मिटलेली, वाळून गेलेली, यातून काही यायचं नाही. खरा माल आहे तो माद्यांच्या पोटाशी. या जातीची मादी कोश जवळ बाळगते, पिल्लं निघायची वेळ होईपर्यंत. तीनेक आठवडे तरी." तिने भिंतीवर बोट फिरवून हुंगलं. "फवारा मारला होता का कुणी?"

मग मामा म्हणाले, "मी."

"काका, त्याने समोर असतात ती मरतात आणि उरलेली घरभर पांगतात. निजायच्या खोलीत दिसली असतील."

"दिसली," जावई म्हणाला.

"आणि जिथे फवारा बसलाय तिथे टाकलेलं खाणं ती खात नाहीत. म्हणजे आधी हे सगळं साबणाने धुवायचं. मग मी हे खाणं लावते, विष घातलेलं. मुगाएवढे ठिपके, पुष्कळ ठिकाणी. ते खातात, घरी जाऊन मरतात, त्यांची घाण आणि मढी पिल्लं खातात, तीही मरतात. कोशवाल्या माद्या मात्र फार खात नाहीत, त्या राहतात. म्हणून मी महिन्याभराने परत येणार. आत्ता ज्यांच्या पोटाशी कोश आहेत त्यांची पिल्लं तोवर बाहेर आलेली असतील, पण कोश धरण्याएवढी मोठी झालेली नसतील. वाढायला त्यांना दोनेक महिने लागतात. त्या मधल्या वेळात गाठायचं. ती वेळ चुकली की पुन्हा पहिल्यापासून."

मुलगी ऐकत होती. मग ती हळूच म्हणाली, "पण ही गटारातल्यांची पिल्लं आहेत ना?"

"छे," औषधवाली म्हणाली. "पंख दिसत नाहीत का ताई? पिल्लाला कुठून पंख येतील?"

मामा तेव्हा फ्रिजच्या तारेकडे बघत होते. वर्षानुवर्षं पोरांना सांगितलेलं वाक्य कुणीतरी त्यांच्याच घरात, त्यांच्याच मुलीला सांगत होतं, आणि त्यात दुखावण्याचा हेतू अजिबात नव्हता.

मुलीने मान वळवून वडिलांकडे पाहिलं. "बाबा, तुम्हाला तर माहीत असणार हे."

"चष्मा नव्हता लावलेला," मामा म्हणाले.

ते खरं होतं, पण अर्धंच. औषधवाली ठिपके लावून, कोपऱ्यांत चिकट कागद ठेवून गेली. जाताना तिने मजल्यावरच्या दोन्ही शेजाऱ्यांची दारं वाजवून त्यांच्याकडेही ठिपके लावले, कारण पाइपांच्या कडेच्या फटींतून ही घरोघर फिरतात. पुठ्ठ्याची खोकी सगळी बाहेर गेली. मुलगी जमिनीवर बसून भिंत घासत होती. मामा दुसरं फडकं घेऊन तिच्याजवळ बसले.

"मी घासतो," ते म्हणाले.

"असू दे."

बराच वेळ दोघं घासत राहिले. मग मामांनी सांगून टाकलं. का, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. सांगून आता काही सावरणार नव्हतं.

"त्या रविवारी सुपलीत बघितलं होतं मी. चष्मा लावून. पंख होते. कोशही होते, भरलेले."

तिचा हात थांबला. "त्या रविवारी?"

"हो."

"म्हणजे केकच्या आधी."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू खुशीत होतीस," एवढंच मामांच्या तोंडून आलं.

ती पुन्हा घासायला लागली. आदळआपट केली नाही, रडली नाही. "ते 'धूळ, धूळ' म्हणून पुसत होता, ते हेच?" तिने मध्येच विचारलं. मामांनी होकाराची मान हलवली. नंतर त्या दिवशी ती त्यांच्याशी बोलली ती फक्त जेवायला वाढतेय असं सांगायला.

औषध लागू पडलं. पहिल्या आठवड्यात मेलेली झुरळं रोज झाडावी लागली, मग तुरळक. महिन्याभराने औषधवाली ठरल्याप्रमाणे आली. चिकट कागदांवर बहुतेक बारकीच होती, मोठं जवळजवळ नाही. "नेमकी वेळ साधली," ती म्हणाली आणि ताजे ठिपके लावले. पुढे आणखी एकदा येऊन गेली, तेव्हा कागद कोरे होते.

पण केक कुणी मागेना. मुलीने आधी ओळखीच्यांना निरोप धाडले, घर दाखवायला बोलावलं. दोघीतिघी आल्या, ओटा बघितला, फ्रिजमागे डोकावल्या, "किती स्वच्छ ठेवलंयस" म्हणाल्या. त्यातल्या एकीने नातवाच्या वाढदिवसाला लहानसा केक सांगितला आणि आदल्या दिवशी फोन करून नको म्हणाली. घरच्यांना पटेना म्हणे. तो फोटो लोकांच्या फोनात तसाच होता. कोरा चिकट कागद त्याला काय पुरणार?

मग मुलीने औषधाच्या गोळ्या डब्यांत भरायच्या कारखान्यात काम धरलं. ओव्हन एका जोडप्याने विकत नेला. तो उचलताना जावई आणि मामा दोघांनी हात लावला. जिन्यात जावई म्हणाला, "सांभाळून बाबा, कंबर." त्याच्या बोलण्यात पूर्वीचीच भलाई होती, कौतुक तेवढं गेलं होतं.

घरात मामांशी कुणी वाईट वागलं नाही. ताट वेळेवर मिळे, औषधं संपायच्या आत येत. फक्त मुलगी त्यांना काही विचारत नसे. नळ गळायला लागला तर ती शेजाऱ्याला विचारी. पायाला काही चावलं तर फोनमध्ये बघे. एकदा तर मोरीत खरोखरीचं मोठं लाल झुरळ आलं. जाळीचा एक कोपरा सुटला होता. मामा दारातच उभे होते. ती ओरडली नाही. चपलेने मारलं, कागदात घेतलं आणि त्यांच्या बाजूने निघून गेली.

"हे गटारातलं आहे," मामा म्हणाले. "याचं घाबरायचं काही नाही. जाळी बसवतो मी."

"हे आले की सांगते त्यांना," ती म्हणाली. "तुम्ही नका वाकू."

संध्याकाळी जावयाने जाळी बसवली. मामा खुर्चीवर बसून बघत होते. सिमेंट जरा सैल झालं होतं. जाळीची एक बाजू नीट दबली नाही, हे त्यांना बसल्या जागेवरून दिसत होतं. सांगावं म्हणून ते थोडे पुढे झुकले. मुलगी कपडे वाळत घालत होती. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मामा पुन्हा मागे टेकले आणि जावयाने थापी धुवायला पाणी मागितलं तेव्हा उठून तांब्या भरून दिला.